धाराशिवच्या डोंगरात पाण्याने कोरलेल्या गुहा का नाहीत?

धाराशिव शहरापासून काही किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगररांगेत धाराशिवची प्रसिद्ध लेणी आहेत. ही लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरली. पण आंध्र प्रदेशातल्या बेलमची गुहा बघायला गेलात, तर तीन किलोमीटरहून लांब भुयारं दिसतात आणि ती कोरलीत चक्क पाण्याने. मग पाऊस धाराशिवलाही पडतो, तर इथे पाण्याने अशी गुहा का नाही कोरली?

उत्तर दगडात आहे. धाराशिवचा डोंगर काळ्या कातळाचा म्हणजे बेसाल्टचा, तर बेलमची गुहा चुनखडकात आहे.

चुनखडक बघायला लांब जायची गरज नाही. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी आपल्याकडे घरोघरी आहे. तो चुनखडकच. या फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडतो, कारण आम्लाने दगडाचा वरचा थर विरघळतो. काळ्या कातळावर लिंबू पिळलं तर असं काही होत नाही. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थीही दगड ओळखताना त्यावर पातळ केलेल्या आम्लाचा थेंब टाकतात. फसफसलं, तर चुनखडक.

पावसात आम्ल येतं कुठून?

हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसात मिसळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. पण खरी ताकद येते मातीतून. झाडांची मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहापट ते शंभरपट असू शकतो. त्यातून झिरपलेलं एक लिटर पाणी साधारण पाव ग्रॅम चुनखडक विरघळवतं.

आता हिशोब करू. समजा, एक चौरस मीटर जमिनीत वर्षाला 300 लिटर पाणी मुरलं. म्हणजे 75 ग्रॅम दगड गेला. तो सगळीकडून सारखा झिजला, तर वर्षाला मिलिमीटरचे तीन शतांश इतकीच झीज होते. या वेगाने एक मीटर दगड जायला सुमारे 36 हजार वर्षं लागतील.

पण पाणी सगळीकडे सारखं जात नाही, ते फटीतून जातं. फट रुंदावली की तिच्यातून जास्त पाणी वाहतं आणि जास्त पाणी वाहिलं की ती आणखी रुंदावते. शेवटी काही मोजक्या फटी बाकीच्यांचं पाणी पळवतात आणि त्यांचीच भुयारं होतात. अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात.

मग जमीन खचते कशी?

बेलम इथे वरून सपाट शेतजमीन दिसते आणि गुहेत उतरायचं ते विहिरीसारख्या खड्ड्यातून. असा खड्डा म्हणजे सिंकहोल, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं 'विलयविवर'. खालच्या पोकळीत वरची माती थोडी थोडी गळत जाते आणि एक दिवस छत कोसळतं. पोकळीतलं पाणी छताला आधार देत असतं. त्यामुळे बोअरने उपसा वाढून पाणीपातळी उतरली की धोका वाढतो. म्हणजे पोकळी व्हायला हजारो वर्षं लागतात, पण कोसळायला काही क्षण पुरतात.

बेसाल्टचं काय होतं?

बेसाल्टही झिजतो, पण चुनखडकासारखा जवळजवळ पूर्ण वाहून जात नाही. त्याची चिकणमाती होते आणि ती फटीतच बसते. त्यामुळे फट रुंदावत जाण्याचा खेळ सुरूच होत नाही. झिजताना त्यातलं कॅल्शियम मात्र पाण्यात उतरतं. आपल्या काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे त्याचेच. बोअरचं पाणी उकळल्यावर भांड्याला धरणारा पांढरा थरही तसाच बनतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना मागे राहतो. गुहेच्या छतावरून लोंबणारे लवणस्तंभ याच क्रियेने घडतात, फक्त उकळण्याऐवजी थेंबाथेंबाने.

म्हणूनच 'सिंकहोल'चा व्हिडिओ फॉरवर्ड होऊन आला, की आधी तिथला दगड कोणता ते विचारा. 2024 च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक खड्ड्यात गेला, तेव्हाही हाच शब्द गाजला. पण पुणं बेसाल्टवर वसलंय. अशा शहरांत जमीन खचली, तर सहसा फुटलेली पाइपलाइन, जुनी विहीर किंवा नीट न दाबलेला भराव शोधावा लागतो. दगड विरघळला असण्याची शक्यता तिथे जवळपास नसते.