खानावळीचा नफा ठरतो पळीच्या मापावर

प्रतिनिधी

गिरण्यांच्या काळात डिलाईल रोड, अर्थात आजचा ना. म. जोशी मार्ग, आणि लालबाग-परळच्या चाळींमधून बायका घरगुती खानावळी चालवीत. कुटुंब गावी ठेवून मुंबईत एकटा राहणारा गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे जेवत असे. वाणसामान उधारीवर, पैसे पगार झाल्यावर, अशी ही व्यवस्था होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना सावकारी पाशातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचविले. महिन्याची रक्कम आधीच ठरलेली असल्याने बाईच्या हाती एकच गोष्ट उरत असे, ती म्हणजे ताटात किती वाढायचे. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, जेवणाऱ्यांचा वर्ग बदलला, तरी ठराविक दरात थाळी देणाऱ्यांपुढचा हा प्रश्न तसाच आहे.

कागदावरचे प्रमाण

वाढीचे प्रमाण लेखी ठरविण्याचे ठळक उदाहरण राज्य शासनाच्या शिवभोजन योजनेत सापडते. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद असे ताट ठरवून देण्यात आले. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे, तर शहरी भागातील केंद्रचालकाला अनुदानासह थाळीमागे ५० रुपये मिळायचे, अशी तेव्हा रचना होती. जमेची बाजू अशी बांधलेली असताना १०० ग्रॅमऐवजी १३० ग्रॅम भाजी वाढली तर तोटा चालकाचा, आणि ८० ग्रॅम वाढली तर जेवणाऱ्याची फसवणूक. म्हणूनच प्रमाण 'एक वाटी' असे मोघम न ठेवता ग्रॅममध्ये लिहावे लागते.

पळीतील फरक कितीचा?

खासगी खानावळीचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दररोज १०० थाळ्या जातात, थाळीचा दर १०० रुपये आहे आणि सर्व खर्च वजा जाता थाळीमागे १२ रुपये उरतात. फ्लॉवर-बटाट्याच्या तयार भाजीचा खर्च किलोला १०० रुपये येतो आणि थाळीला १२० ग्रॅम भाजी द्यायचे ठरले आहे. म्हणजे १२ किलो भाजी पुरावयास हवी. परंतु वाढणारा डाव सपाट न भरता शीग लावून भरतो आणि ताटात १५० ग्रॅम भाजी पडते. मग १२ किलोची भाजी ८० थाळ्यांतच संपते. उरलेल्या २० जणांसाठी पुन्हा चूल पेटवावी लागते किंवा भाजीत पाणी वाढवावे लागते. जादा ३० ग्रॅमचे मोल तीन रुपये. दिवसाला ३०० आणि २६ दिवसांच्या महिन्याला ७,८०० रुपये. बारा रुपयांतील तीन, म्हणजे चौथा हिस्सा नफा केवळ शिगेपायी जातो.

कोणत्या पदार्थाला कोणते साधन?

आमटी-वरणासाठी आपल्या स्वयंपाकघरातील ओगराळे हे उत्तम माप आहे. त्याची वाटी खोल आणि दांडा उभा असल्याने ते काठोकाठ भरते. शीग राहू शकत नाही. ओगराळ्यात किती मावते हे पाहण्यासाठी ते पाण्याने भरून ते पाणी काट्यावर तोलावे. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. मात्र वरण तळाशी बसते. दर वेळी तळापासून ढवळले नाही तर पहिल्या पंक्तीला पाणी आणि शेवटच्या पंक्तीला घट्ट डाळ जाते. माप तेच राहूनही ताट बदलते.

कोरड्या भाजीला उथळ डाव चालत नाही. ठरलेले वजन सपाट भरल्यावर येईल असा खोलगट डाव निवडून त्याच्या कडेवरून भाजी सपाट करावी. येथे एक मर्यादा आहे. तोच डाव मटकीच्या उसळीला वापरला तर वजन वेगळे भरते, कारण फ्लॉवरच्या तुऱ्यांमध्ये पोकळी राहते आणि उसळ दाटून बसते. त्यामुळे प्रत्येक भाजीसाठी डाव एकदा तोलून पाहावा आणि तो आकडा वाढपाच्या जागी लावून ठेवावा.

भाताची मूद वाटीने पडते खरी, पण वाटीत भात दाबून भरला की वजन वाढते. भात मोकळा भरून वरून एकदाच सपाट करावा. बटाटेवड्याच्या सारणासाठी दट्ट्याचा स्कूप सोयीचा. त्यावरील क्रमांक एका अमेरिकी क्वार्टमध्ये, म्हणजे सुमारे ९४६ मिलिलिटरमध्ये, किती गोळे बसतात ते सांगतो. १६ क्रमांकाच्या स्कूपात सुमारे ६० मिलिलिटर मावते. क्रमांक वाढला की स्कूप लहान होतो.

चपातीचे वजन मात्र कणकेच्या गोळ्यावर धरावे लागते. भाजताना पाणी उडते, म्हणून ३० ग्रॅमच्या चपातीसाठी गोळा त्याहून जड हवा. किती जड, हे आपल्या कणकेच्या दहा चपात्या भाजण्यापूर्वी आणि नंतर तोलून ठरवावे.

काटा रोज कशासाठी?

गर्दीच्या वेळी प्रत्येक ताट तोलणे शक्य नसते आणि त्याची गरजही नाही. काट्याचे काम दोन वेळा असते. सकाळी रिकाम्या पातेल्याचे वजन वगळून तयार भाजी तोलावी. दुपारी उरलेली भाजी तोलावी. दोन्हींतील फरकाला गेलेल्या थाळ्यांच्या संख्येने भागले की थाळीमागे प्रत्यक्षात किती गेले ते कळते.

यात पुन्हा वाढलेली भाजी धरायला हवी. वरील उदाहरणात शंभरपैकी २० जण अर्धा डाव आणखी मागतात असे मानू. २० गुणिले ६० म्हणजे १,२०० ग्रॅम. तेव्हा १२ ऐवजी १३ किलो २०० ग्रॅम भाजी लागेल आणि सरासरी १३२ ग्रॅम येईल. हा थाळीमागे एक रुपया वीस पैशांचा खर्च दर ठरवितानाच धरता येतो. भागाकार १३२ च्या आसपास आला तर वाढप ठीक आहे; १५० आला तर डाव शिगेने भरला जातो आहे किंवा कूपनाविना थाळ्या जात आहेत.

सरासरी मात्र फसवू शकते. एका ताटात ९० आणि दुसऱ्यात १५० ग्रॅम पडले तरी सरासरी १२० च येते. त्यासाठी आठवड्यातून एकदा, वाढप्याला आधी न सांगता, दहा ताटांतील भाजी वेगवेगळी तोलावी. कमी मिळालेले गिऱ्हाईक बहुधा तक्रार करीत नाही, ते दुसरीकडे जेवू लागते.

आणखी एक बाब. फरसाण किंवा मिठाई वजनावर विकली जात असेल, तर तो काटा वैध मापन अधिनियम, २००९ नुसार पडताळणी होऊन मुद्रांकित झालेला असणे बंधनकारक आहे.