पीपीटीवरून वेबिनारची सूत्रसंचालन संहिता कशी तयार करावी?

वेबिनारमध्ये तज्ज्ञाची पीपीटी तयार असते, पण सूत्रसंचालकाच्या हातात बहुतेक वेळा तज्ज्ञाचा परिचय आणि आभाराची दोन वाक्ये एवढेच असते. मग तज्ज्ञ सलग पन्नास मिनिटे बोलतात, शेवटची पाच मिनिटे प्रश्नांना उरतात आणि तोपर्यंत निम्मे लोक निघून गेलेले असतात. हे टाळायचे असेल तर पीपीटी हातात आल्यावर तिच्यावरून सूत्रसंचालकासाठी वेगळी संहिता लिहावी लागते. कोणत्या मिनिटाला कोण बोलेल, पोल कधी उघडायचा, उत्तरांसाठी किती थांबायचे आणि थांबलेल्या वेळात काय बोलायचे, हे सगळे त्या संहितेत असते.

परभणीचे उदाहरण घेऊन हे पाहू. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले. एमएयूएस 71, 158, 162, 612 हे सोयाबीनचे वाण याच विद्यापीठाचे. कोरोनाच्या काळात शेतकरी मेळावे बंद पडले तेव्हा कृषी विद्यापीठांचे आणि कृषी विज्ञान केंद्रांचे मार्गदर्शन मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन सुरू झाले, आणि पेरणीपूर्व मार्गदर्शन हा त्यातला नेहमीचा विषय. समजा, मे महिन्यात ‘घरचे सोयाबीन बियाणे आणि पेरणी’ या विषयावर एक तासाचा वेबिनार आहे आणि तज्ज्ञांनी 24 स्लाइडची पीपीटी पाठवली आहे. ही पीपीटी आपण उदाहरणासाठी धरलेली आहे.

आधी वेळेचा हिशेब

साठ मिनिटांपैकी स्वागत आणि परिचयाला 4 मिनिटे जातात. तीन पोल ठेवले आणि प्रत्येकाला 3 मिनिटे धरली तर 9 मिनिटे. प्रश्नांसाठी दोन थांबे, प्रत्येकी 7 मिनिटांचे, म्हणजे 14. समारोपाला 3. एकूण 30 मिनिटे झाली. तज्ज्ञांसाठी उरली 30 मिनिटे, आणि एका स्लाइडला सरासरी 2 मिनिटे लागतात, म्हणजे 15 स्लाइड. आलेल्या 24 पैकी 9 स्लाइड बोलण्यातून वगळाव्या लागणार.

हा हिशेब तज्ज्ञांना आठवडाभर आधी दाखवावा. ऐन कार्यक्रमात ‘सर, वेळ संपत आली’ अशी चिठ्ठी पाठवण्यापेक्षा ते दोघांनाही सोयीचे असते. वगळलेल्या स्लाइड फेकायच्या नाहीत. देशातील सोयाबीनखालील क्षेत्र, वाणांचा तक्ता, रासायनिक घटकांची यादी अशा स्लाइड पीडीएफमध्ये राहू द्याव्यात आणि ती पीडीएफ नंतर ग्रुपवर टाकावी. तक्ता मोबाइलच्या पडद्यावर तसाही वाचता येत नाही.

पोल उत्तराच्या आधी

पीपीटीत उत्तर आधी येते. स्लाइडचे शीर्षकच ‘70 टक्के उगवणक्षमता आवश्यक’ असे असते. त्या स्लाइडनंतर पोल घेतला तर लोक नुकतेच वाचलेले परत सांगतात, आणि त्यातून तज्ज्ञांना काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक स्लाइडखाली एक ओळ लिहून पाहावी: ही स्लाइड पाहून शेतकऱ्याला काय ठरवायचे आहे? जिथे खरोखर काही ठरवायचे असते तिथे त्या स्लाइडच्या आधी पोल ठेवता येतो. ज्या स्लाइडखाली काहीच लिहिता येत नाही, ती बहुधा वगळायच्या नऊमधली असते.

आपल्या पीपीटीत असे तीन प्रसंग निघतात.

पहिला अगदी सुरुवातीला: ‘यंदा सोयाबीनचे बियाणे कोठून?’ पर्याय चार: घरचे, विकतचे, दोन्ही, अजून ठरले नाही. याला बरोबर-चूक असे उत्तर नाही. पुढे कशावर जास्त बोलायचे ते यावरून तज्ज्ञ ठरवतात.

दुसरा उगवण चाचणीनंतर. चाचणीची रीत सोपी आहे: 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत ठेवायचे, गुंडाळी करायची, ती ओलसर ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. कृषी विभागाच्या प्रचलित सल्ल्यानुसार 70 दाणे उगवले तर एकरी 30 किलो बियाणे लागते, आणि त्याखाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचे. तज्ज्ञ हा नियम सांगतात, पण पुढच्या स्लाइडवरचे सोडवलेले गणित दाखवण्याआधी थांबतात. तिथे पोल: ‘100 पैकी 64 दाणे उगवले. एकरी किती किलो?’ पर्याय: 30, 33, 36. उत्तर 33, कारण सहा टक्के कमी आणि प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे तीन किलो जादा. 36 हा पर्याय मुद्दाम आहे. टक्क्याला पूर्ण किलो धरणाऱ्याचे उत्तर तेच येते, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच दिसते.

तिसरा बीजप्रक्रियेच्या स्लाइडआधी: ‘बियाण्याला शेवटी काय लावाल?’ पर्याय: बुरशीनाशक, कीटकनाशक, जिवाणू खत. उत्तर जिवाणू खत, कारण ते आधी लावून वरून रसायन चोळले तर जिवाणूंना अपाय होतो.

‘उगवण चाचणी महत्त्वाची आहे का? हो / नाही’ असा पोल मात्र घेऊ नये. विद्यापीठाच्या कार्यक्रमात बसलेला कोणीही ‘नाही’ म्हणणार नाही. तेच विचारायचे असेल तर ‘गेल्या वर्षी पेरणीआधी किती दाणे तपासले?’ असे विचारावे आणि ‘तपासले नाहीत’ हा पर्याय पहिला ठेवावा, म्हणजे तो निवडायला संकोच वाटत नाही.

पोलची तीन मिनिटे

मोबाइलवर पोल उघडला की तो स्लाइड झाकून टाकतो. काही जण बांधावर उभे राहून फक्त ऐकत असतात. म्हणून प्रश्न आणि पर्याय सूत्रसंचालकाने दोनदा मोठ्याने वाचायचे, आणि तेही संहितेत शब्दशः लिहायचे. दुसऱ्या पोलचा भाग असा दिसेल:

> 22:00 (पोल 2 सुरू करा.) ‘मंडळी, आता तुमच्या मोबाइलवर एक प्रश्न आला असेल. शंभरापैकी चौसष्ट दाणे उगवले, तर एकरी किती किलो बियाणे? अ तीस, ब तेहतीस, क छत्तीस.’ (प्रश्न आणि पर्याय पुन्हा वाचा.)
>
> 22:40 (गप्प राहा. 15 सेकंद.)
>
> 22:55 ‘यूट्यूबवरून पाहणाऱ्यांनी कॉमेंटमध्ये फक्त अ, ब किंवा क लिहा. गणित करायला वेळ घ्या, घाई नाही.’
>
> 23:45 (मते वाढायची थांबली की पोल बंद करा, निकाल दाखवा.) ‘इतक्या जणांनी मत दिले, त्यातले इतके तेहतीस म्हणतात.’
>
> 24:10 निम्म्याहून अधिक चुकले तर: ‘सर, अजून एक उदाहरण घेऊया का? समजा 58 उगवले.’ (तज्ज्ञ 36 किलोपर्यंत नेतील.) बहुतेकांचे बरोबर आले तर: ‘सर, पुढे जाऊया.’ (सोडवलेल्या गणिताची स्लाइड सोडा.)
>
> 25:00 पुढची स्लाइड.

यातला 24:10 चा भाग बहुतेक संहितांमध्ये नसतो. निकाल दिसतो, सूत्रसंचालक ‘छान प्रतिसाद’ म्हणतात आणि स्लाइड ठरल्याप्रमाणे पुढे सरकतात. तसेच व्हायचे असेल तर पोल कशाला? निकाल कोणताही आला तरी पुढचे बोलणे बदलणार नसेल, तर तो पोल काढून ती तीन मिनिटे प्रश्नांना द्यावीत.

निकाल सांगताना आकडा जपून वापरावा. झूमवर दिसणारी टक्केवारी मत देणाऱ्यांची असते. 200 जण हजर आणि 40 मते आली, तर ‘साठ टक्के शेतकरी’ म्हणजे प्रत्यक्षात 24 माणसे. ‘परभणीतले साठ टक्के शेतकरी घरचे बियाणे वापरतात’ असे वाक्य दुसऱ्या दिवशीच्या बातमीत छापून आले तर दोष संहितेचा.

थांबे

पंधरा सेकंदांची शांतता सूत्रसंचालकाला खूप लांब वाटते आणि तो हमखास बोलायला लागतो. म्हणून ‘गप्प राहा’ हेही लिहून ठेवावे लागते. ऐकणाऱ्याला त्या वेळात वाचायचे आणि हिशेब करायचा असतो.

प्रश्नांचा थांबा वेगळ्या तऱ्हेने बांधावा लागतो. वेबिनार प्रकारच्या कार्यक्रमात श्रोत्याला स्वतःहून माइक सुरू करता येत नाही. तो हात वर करतो आणि आयोजक परवानगी देतो. नाव पुकारल्यापासून आवाज यायला काही सेकंद जातात, आणि ‘हॅलो, आवाज येतोय का?’ यात आणखी काही. यावर उपाय एकच, पुढच्याला आधीच सावध करायचे: ‘आता जिंतूरचे भाऊ बोलतील, त्यांच्यानंतर गंगाखेडच्या ताई, तुम्ही तयार राहा.’ गाव विचारण्यामागे औपचारिकता नसते. जमीन हलकी की भारी, पाऊस किती झाला, हे कळल्याशिवाय तज्ज्ञांना पेरणीचे उत्तर देता येत नाही. सात मिनिटांत असे तीन, फार तर चार प्रश्न होतात. संहितेतही तेवढेच धरावेत.

पहिला हात वर यायला वेळ लागतो. त्यासाठी नोंदणीच्या वेळी आलेले दोन प्रश्न संहितेत आधीच लिहून ठेवावेत आणि वीस सेकंदांत कोणी पुढे आले नाही तर त्यातला एक वाचावा.

यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असते, आणि तिथल्या प्रेक्षकाला झूमचा पोल दिसतही नाही. झूमवरची मते थांबल्याबरोबर उत्तर जाहीर केले तर यूट्यूबवरच्या माणसाने अजून पर्याय ऐकून हिशेब सुरू केलेला असतो. वरच्या नमुन्यात पोल 23:45 पर्यंत उघडा ठेवला आहे तो यासाठीच. कॉमेंट वाचायला वेगळा माणूस हवा. ते काम सूत्रसंचालकाने स्वतः घेतले की त्याचे बोलणे अडखळते.

आदल्या दिवशी

संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. शब्दशः फक्त पोल, थांबे आणि एका भागातून दुसऱ्यात जाण्याची वाक्ये लिहावीत. बाकी ठिकाणी दोन-तीन शब्दांची खूण पुरते, नाहीतर वाचल्यासारखे ऐकू येते.

पोल त्याच मीटिंगमध्ये आधी भरून ठेवावेत आणि त्यांना संहितेतलेच क्रमांक द्यावेत. झूमच्या मोफत खात्यावर पोल मिळत नाही आणि मीटिंगही 40 मिनिटांत संपते. ज्या खात्यावरून कार्यक्रम होणार त्याच खात्यावरून एकदा पोल चालवून पाहावा. एकाच्या खात्यात पोल भरले आणि दुसऱ्याच्या खात्यावरून मीटिंग सुरू केली, तर ऐनवेळी पोलची यादी रिकामी दिसते. तसे झालेच तर संहितेत पर्यायी ओळ असावी: ‘चॅटमध्ये अ, ब किंवा क लिहा.’ मते मोजत बसू नये. चॅट वर सरकवत ‘ब जास्त दिसतात, क पण बरेच आहेत’ एवढे सांगितले तरी 24:10 चा निर्णय घेता येतो.