किरणोत्सवातलं गणित: सूर्याचा किरण मूर्तीवर नेमका कुठे पडणार, हे कसं काढतात?

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराचं तोंड पश्चिमेकडे आहे. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आणि गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात पोहोचतात आणि मूर्तीच्या पायांपासून वर चढत जातात. हाच किरणोत्सव. दर वर्षी तिथे एकच प्रश्न विचारला जातो: आज किरण कुठपर्यंत गेले? चरण, कंबर की चेहरा?

गणिताच्या भाषेत हा प्रश्न 'रेषा प्रतलाला कोणत्या बिंदूत छेदते' असा आहे. किरण ही रेषा. मूर्ती जिथे उभी आहे तो उभा सपाट पडदा कल्पिला, तर ते प्रतल.

आधी मोजमापाची चौकट

दाराच्या उंबऱ्याचा मधला बिंदू शून्य मानू. तिथून सरळ आत जाणारं अंतर x, आत तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताचं म्हणजे साधारण उत्तरेकडचं अंतर y आणि जमिनीपासूनची उंची z. सगळं मीटरमध्ये. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, ते मंदिराचं प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. दाराच्या चौकटीची वरची कड ३ मीटरवर आहे आणि मूर्ती ४० मीटर आत आहे, असं धरू.

चौकटीच्या वरच्या कडेला घासून आत येणारा किरण महत्त्वाचा, कारण त्याच्या वर सावली असते आणि खाली उजेड. सूर्य क्षितिजापासून सुमारे २.९ अंश वर असेल, तर हा किरण दर मीटरला ०.०५ मीटर खाली येतो. म्हणून त्यावरचा कोणताही बिंदू असा लिहिता येतो:

```
x = t
y = 0
z = 3 - 0.05t
```

यातल्या t ला प्राचल म्हणतात. t ला एक किंमत दिली की किरणावरचा एक बिंदू मिळतो. t = 0 म्हणजे चौकट, t = 10 म्हणजे दहा मीटर आत. मूर्तीचं प्रतल आहे x = 40. रेषेचा x या समीकरणात ठेवला की लगेच t = 40 मिळतो आणि तोच t उंचीच्या समीकरणात टाकला की z = 3 - 2 = 1. उजेडाची वरची कड जमिनीपासून एक मीटरवर आली.

रीत एवढीच आहे. रेषेचे x, y, z प्रतलाच्या समीकरणात ठेवायचे, t काढायचा, मग तो t परत रेषेत टाकायचा. दुसरी पायरी अनेकदा विसरली जाते आणि t हेच उत्तर म्हणून लिहिलं जातं. t बिंदू नाही, बिंदूपर्यंत नेणारा आकडा आहे.

किरण वर का चढतात?

सूर्य खाली जातो तसा किरणाचा उतार कमी होतो. सूर्य ४.३ अंशांवर असताना उतार ०.०७५ असतो, तेव्हा z = 3 - 3 = 0, म्हणजे उजेड मूर्तीच्या प्रतलाच्या तळाशी. २.९ अंशांवर तोच एक मीटर वर. कोल्हापुरात या दिवसांत सूर्य मावळताना एक अंश उतरायला साधारण साडेचार मिनिटं लागतात, म्हणजे हा एक मीटरचा प्रवास सहा-साडेसहा मिनिटांत होतो.

सूर्य आणखी वर असेल तर? उतार ०.१ घेऊ. मूर्तीच्या प्रतलासाठी t = 40 येतो खरा, पण z निघतो उणे एक, जमिनीच्या खाली! गणित चुकलेलं नाही. आपण जमिनीचं प्रतल z = 0 तपासलंच नव्हतं. त्याच्यासाठी 3 - 0.1t = 0, म्हणून t = 30. किरण मूर्तीच्या दहा मीटर अलीकडेच फरशीवर पडला. वाटेत अनेक प्रतलं असतील, तर ज्याचा धन t सर्वांत लहान, तिथे किरण थांबतो. प्रतलाला मात्र कडा नसतात आणि भिंतीला, दाराला असतात. म्हणून मिळालेला बिंदू खरोखर त्या वस्तूच्या आत पडतो का, हेही पाहावं लागतं.

बाजूच्या भिंतीचं प्रतल y = 2 घेतलं तर गंमत होते. आपल्या किरणाचा y कायम शून्य आहे, त्यामुळे समीकरण होतं 0 = 2. t गायबच! अशा वेळी रेषा प्रतलाला समांतर असते, छेदनबिंदू नसतो. समीकरण 0 = 0 असं झालं, तर पूर्ण रेषाच त्या प्रतलात असते.

ऋण t चा उपयोग

किरणोत्सवात इमारतींच्या अडथळ्यांची चर्चा नेहमी होते. तीही याच रेषेत बसते. t ऋण घेतला की आपण दाराबाहेर, सूर्याच्या दिशेने मागे जातो. t = -200 टाकला तर z = 3 + 10 = 13. म्हणजे दारापासून २०० मीटर पश्चिमेला, किरणाच्या वाटेत, उंबऱ्याच्या पातळीपेक्षा १३ मीटरहून उंच काही उभं असेल, तर हा किरण दारापर्यंत येतच नाही आणि उजेड एक मीटरच्या आधीच थांबतो.

हा सोहळा मोजकेच दिवस का? सूर्यास्ताची दिशा त्या काळात रोज सुमारे ०.३ अंशाने सरकते. नोव्हेंबरमध्ये ती दक्षिणेकडे जाते, म्हणून किरणाचा y दुसऱ्या दिवशी शून्य न राहता साधारण 0.0052t होतो. ४० मीटरवर तो सुमारे २१ सेंटिमीटर! चार-पाच दिवसांत उजेडाचा पट्टा मूर्तीवरून बाजूला जातो.

ही रीत कुठे अपुरी पडते तेही पाहू. सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे ४० मीटरवर उजेडाची कड ३५ सेंटिमीटरभर धूसर असते. 'किरण कमरेपर्यंत की त्याच्या वर' यावर बघणाऱ्यांचं एकमत होत नाही, त्याला हेही एक कारण असू शकतं.

प्रतल तिरकं असेल तर: रहिमतपूरचं छत

उभी भिंत सोपी असते. आता सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरमध्ये छतावर सौर पॅनेल बसवायचं आहे असं समजू. अक्षांश सुमारे १७.६ अंश, म्हणून २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४९ अंशांवर असतो आणि किरण उत्तरेकडे दर मीटरला १.१५ मीटर खाली येतो. पाण्याच्या टाकीचा वरचा कोपरा ३ मीटर उंच आहे. x हे आता त्या कोपऱ्यापासून उत्तरेकडचं अंतर. पॅनेलची खालची कड १ मीटरवर, छतापासून ०.२ मीटर उंच आहे आणि पॅनेल उत्तरेकडे १८ अंशांनी चढतं:

```
किरण:   x = t,  z = 3 - 1.15t
पॅनेल:  z = 0.2 + 0.325(x - 1)

3 - 1.15t = 0.2 + 0.325(t - 1)
1.475t = 3.125
t = 2.12 (अंदाजे)
```

t परत टाकला की x = 2.12 आणि z = 0.56. दोन मीटर लांबीचं पॅनेल x = 1 पासून साधारण 2.9 पर्यंत पसरतं, म्हणजे कोपऱ्याची सावली पॅनेलच्या मध्याच्या थोडी पुढे पडते. किरण दक्षिण-उत्तर सरळ असल्याने ही फक्त दुपारची स्थिती आहे. सकाळी नऊसाठी y चंही समीकरण लागेल आणि पॅनेलच्या पूर्व-पश्चिम कडाही तपासाव्या लागतील. पॅनेल उत्तरेकडे सव्वा मीटर सरकवलं, तर त्याची खालची कड x = 2.25 वर येते. तिथे किरणाची उंची ०.४१ मीटर, पॅनेलची ०.२. किरण कडेच्या वरून जातो आहे, म्हणजे सावली अजून पॅनेलवरच पडते. कड ०.२ मीटर उंचीवर सुटायची, तर ती x = 2.43 च्या पुढे हवी.