एमिटर फॉलोअर

एमिटर फॉलोअर हा ट्रान्झिस्टरचा असा परिपथ आहे, ज्यात संकेत बेसला दिला जातो, प्रदान एमिटरवरून घेतले जाते आणि कलेक्टर थेट पुरवठ्याला जोडलेला असतो. यात दाबाचे विवर्धन होत नाही. दाबलब्धी १ पेक्षा किंचित कमीच राहते. परिपथाचा उपयोग त्याच्या मोठ्या आदान रोधात व लहान प्रदान रोधात आहे.

== आदान रोध ==
बेसचा दाब वाढला की एमिटरचा दाबही जवळजवळ तितकाच वाढतो. त्यामुळे बेस व एमिटर यांतील दाबांतर फारसे बदलत नाही आणि बेसचा प्रवाहही अगदी थोडा वाढतो. एमिटरच्या प्रवाहाचा केवळ (β + १) वा भाग संकेतस्रोताला द्यावा लागतो. म्हणून एमिटरकडील रोध बेसकडून तितक्या पट मोठा भासतो:

R_in = (β + 1)(r_e + R_E ∥ R_L)

येथे R_E हा एमिटरचा रोध, R_L हा भाररोध आणि r_e हा ट्रान्झिस्टरचा अंतर्गत रोध होय. सामान्य तापमानास २५ मिलिव्होल्टला एमिटरच्या प्रवाहाने भागले की r_e मिळतो.

== प्रदान रोध ==
भाराने एमिटरचा दाब जरा खाली ओढला, तर बेस-एमिटर दाबांतर वाढते आणि ट्रान्झिस्टर लगेच अधिक प्रवाह पुरवून ती घट रोखतो. या वाढीव प्रवाहाचा अल्प अंशच स्रोतातून येतो. म्हणून स्रोताचा रोध R_S एमिटरकडून (β + १) पट लहान दिसतो:

R_out = R_E ∥ [r_e + (R_S ∥ R_B)/(β + 1)]

R_B म्हणजे बेसच्या अभिनती रोधांचा समांतर रोध. प्रदान रोध r_e इतकाच असतो, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते स्रोताचा रोध नगण्य असतानाच खरे.

== उदाहरण ==
पुरवठा १२ व्होल्ट, अभिनतीसाठी १०० किलोओहमचे दोन रोध, R_E ४.७ किलोओहम, β १०० आणि धारित्रामार्फत जोडलेला भार १ किलोओहम असा परिपथ घेऊ. एमिटरचा प्रवाह सुमारे १ मिलिअँपिअर येतो, म्हणून r_e २५ ओहम. R_E व R_L यांचा समांतर रोध ८२५ ओहम. त्यावरून बेसचा आदान रोध १०१ × ८५० म्हणजे सुमारे ८६ किलोओहम. मात्र अभिनतीचे दोन रोध मिळून ५० किलोओहम त्याला समांतर येतात आणि स्रोताला प्रत्यक्षात ३२ किलोओहमच दिसतात. ट्रान्झिस्टरने कमावलेले निम्म्याहून अधिक येथेच गमावले जाते.

स्रोताचा रोध १० किलोओहम असल्यास प्रदान रोध सुमारे १०५ ओहम येतो. हा स्रोत भाराला थेट जोडला असता, तर भारावर संकेताचा अकरावा भागच मिळाला असता. फॉलोअरमुळे सुमारे ७४ टक्के मिळतो.

== मर्यादा ==
ही सूत्रे लहान संकेतांपुरती आहेत. ट्रान्झिस्टर एमिटरला वर ढकलू शकतो, खाली ओढणे मात्र R_E वरच अवलंबून असते. वरील परिपथात भारावरील संकेत सुमारे ०.८ व्होल्टपेक्षा खाली जाऊ लागला की ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि ऑसिलोस्कोपवर तरंगाचा खालचा भाग सपाट कापलेला दिसतो. तेव्हा प्रदान रोधही १०५ ओहम राहत नाही. तो R_E इतका होतो. R_E कमी करून एमिटरचा प्रवाह वाढवल्यास ही मर्यादा लांबते. उच्च वारंवारतेस β घटत असल्याने दोन्ही गुण क्षीण होतात.