दुर्गा नावाची मुलगी

मूल झाल्याची बातमी लपवता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. पेढे वाटले की गावाला कळतंच. पण पेढे वाटायचे आणि मूल कोणाचं ते मात्र सांगायचं नाही, असं एकदा खरंच घडलं. ऑक्टोबर 1978, कलकत्ता.

3 ऑक्टोबरला तिथे एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी जाहीर केलं की ही भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. जगातली पहिली, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये जेमतेम दहा आठवड्यांपूर्वी जन्मली होती. दिवस पूजेचे होते, म्हणून ही मुलगी लोकांना 'दुर्गा' या नावानेच ठाऊक झाली. खरं नाव, आई-वडील, घर, यातलं काहीच बाहेर आलं नाही. कुटुंब जुन्या वळणाचं मारवाडी, आणि बोभाटा नको ही त्यांची इच्छा. मला ती अगदी पटते. काचेतून आलेली पोर म्हणून आयुष्यभर जिच्याकडे बोट दाखवलं जाणार, तिच्या आईने दुसरं काय करायचं?

गंमत अशी की (खरं तर गंमत कसली!), डॉक्टरांकडचा सगळ्यात मोठा पुरावा नेमका त्या न सांगितलेल्या गोष्टींतच होता. बाळाकडे पाहून काही कळत नाही, ते चारचौघांसारखंच असतं. डीएनए जुळवून पाहायची सोय तेव्हा जन्माला यायची होती, आणि तिनेही आई-वडील कोण एवढंच कळलं असतं, गर्भ कुठे तयार झाला ते नाही. खूण होती ती आईच्या शरीरात. तिच्या बीजवाहक नलिका खराब होत्या, म्हणजे नेहमीच्या वाटेने गर्भ राहणं जवळजवळ अशक्य. ते दाखवायचं तर आईला पुढे आणावं लागणार. इंग्लंडमध्ये लुईसच्या जन्माचं चित्रीकरण झालं होतं, आणि तिच्या आईला नलिका नाहीत हेही त्यात दाखवलं होतं. ब्राऊन कुटुंबाने आपली कहाणी एका वर्तमानपत्राला विकलीही होती. इथे दार बंद!

नोव्हेंबर 1978 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. ज्या शास्त्राबद्दल निवाडा करायचा, त्यातला अनुभव समितीतल्या कोणाला नव्हता. दावा खोटा ठरवला गेला.

डॉक्टरांचं काम मात्र त्या काळाच्या पुढचं होतं. त्यांनी औषधांनी एकाच वेळी अनेक बीजं तयार होऊ दिली. पण अशा औषधी महिन्यात गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजायला तितकंसं अनुकूल नसतं. म्हणून फलित बीज गोठवून 53 दिवस ठेवलं आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात आईच्या गर्भाशयात सोडलं. या कामात सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य त्यांच्याबरोबर होते. गोठवलेल्या गर्भापासून मूल झाल्याचं जगाने मान्य केलं ते पुढे 1984 मध्ये, ऑस्ट्रेलियात.

1979 साली जपानमध्ये हे काम मांडायचं निमंत्रण होतं, सरकारने परवानगी दिली नाही. मग बदल्या सुरू झाल्या, शेवटची तर नेत्ररोगाच्या संस्थेत. संप्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला डोळ्यांचा विभाग! 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा तपन सिन्हांचा चित्रपट पाहिलेल्यांना ही कथा ओळखीची वाटेल.

आता मुंबई. 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला आणि 'भारतातली पहिली' हा मान तिला मिळाला. तिचं नाव उघड होतं, कागदपत्रं चोख होती. 1997 मध्ये आनंद कुमार कलकत्त्याला गेले असता मुखोपाध्यायांच्या नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्या वाचून त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की पहिलेपणाचा मान आमचा नाही, त्यांचा आहे. स्वतःच्या नावावर अकरा वर्षं असलेला मान असा आपल्या हाताने देऊन टाकणारी माणसं किती असतील? मला तर चटकन दुसरं नाव आठवत नाही.

दुर्गा या सगळ्या काळात शाळेत जात होती, मोठी होत होती, आणि रस्त्यात कोणी वळून पाहत नव्हतं. आई-वडिलांना हवं होतं ते मिळालं. त्याची किंमत दुसऱ्याच घरात मोजली गेली, पण त्याचा दोष मी त्या आईला देणार नाही. बाळाचं नाव न विचारताही त्या नोंदी वाचता आल्या असत्या. आनंद कुमारांनी त्या वाचल्याच ना.

2003 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात ती स्वतःच पुढे आली आणि तिने आपलं नाव सांगितलं: कनुप्रिया अगरवाल.