क्षयरोगावरील उपचारानंतर कामावर रुजू होताना : डॉक्टरांच्या पत्रात काय असावे?

फुप्फुसाच्या क्षयरोगावर उपचार घेतलेला कर्मचारी कामावर परतू लागला की त्याच्याकडे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जाते. अनेकदा त्यात ‘रुग्ण बरा झाला आहे, कामास योग्य आहे’ एवढे एकच वाक्य असते. त्यावर कारखान्याचे समाधान होत नाही, आणि कर्मचारी दवाखाना व कारखाना यांच्यात फेऱ्या मारत राहतो.

क्षयरुग्णाने किती काळ दूर राहावे, या प्रश्नाचे उत्तर बरेच जुने आहे. मद्रास येथील क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही रुग्णांवर आरोग्यधामात, तर काहींवर घरीच उपचार करण्यात आले होते. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक धोका निर्माण झाल्याचे आढळले नाही. औषधे सुरू झाल्यावर रोग्याची संसर्गक्षमता वेगाने घटते, हे त्यामागील कारण होय. त्याच वर्षी बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची स्थापना झाली आणि घरी राहून उपचार हाच देशातील क्षयरोग कार्यक्रमाचा पाया ठरला.

म्हणूनच सहा महिन्यांचे उपचार पूर्ण होईपर्यंत रुग्णाने घरी बसावे, ही समजूत चुकीची आहे. औषधे लागू पडत असतील तर सर्वसाधारणपणे दोन आठवडे पुरेसे मानले जात असत. अमेरिकेतील २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी बहुतेक रुग्णांसाठी हा काळ किमान पाच दिवसांवर आणला. रुग्णाला अधिक काळ रजा लागते ती बहुधा संसर्गामुळे नव्हे, तर अशक्तपणामुळे. संसर्ग आणि शक्ती हे दोन प्रश्न पत्रात वेगळे ठेवले, तर निम्मा गोंधळ टळतो.

एक उदाहरण

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथ यंत्रावर काम करणाऱ्या एका कामगाराची कल्पना करू. ६ जानेवारीला त्याचे उपचार सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, असा हा क्रम असतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात थुंकीच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत. ताप गेला, भूक परतली, वजन वाढू लागले. मात्र दोन जिने चढल्यावर धाप लागते. १४ मार्च रोजी डॉक्टरांनी त्याला तपासले. त्यांचे पत्र साधारण असे असावे :

‘ज्यांची सही खाली आहे त्या कर्मचाऱ्याची मी १४ मार्च रोजी तपासणी केली. आजारपणामुळे ते ६ जानेवारीपासून कामावर गैरहजर होते. त्यांची प्रकृती सुधारली असून १७ मार्चपासून कामावर रुजू होण्यास ते योग्य आहेत. पहिले चार आठवडे त्यांना जड ओझी उचलण्याचे काम व रात्रपाळी देऊ नये. वाळूच्या माऱ्याने ओतीव भाग साफ करण्याच्या विभागात त्यांची नेमणूक करू नये. तपासणीसाठी त्यांना महिन्यातून एक दिवस सवलत मिळावी. चार आठवड्यांनंतर मी त्यांची पुन्हा तपासणी करीन.’

या पत्रात रोगाचे नाव नाही, आणि ते विसरलेले नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची गुप्त माहिती उघड करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला अथवा समाजाला गंभीर धोका आणि अधिसूचित रोग हे त्याला अपवाद आहेत. क्षयरोग २०१२ पासून अधिसूचित आहे. परंतु त्याची सूचना सरकारच्या आरोग्य यंत्रणेला द्यायची असते, मालकाला नव्हे. हा फरक मालकांच्या आणि काही डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही.

अर्थात, कारखान्यात रोगाचे नाव आधीच ठाऊक झाले असेल, तर मौन अपुरे पडते. अशा वेळी रुग्णाची लेखी संमती घेऊन ‘त्यांच्यापासून सहकाऱ्यांना संसर्गाचा धोका नाही’ हे वाक्य घालावे. नाव ठाऊक नसताना हेच वाक्य घातले तर उलट संशय वाढतो. वाळूच्या धुळीचा उल्लेख मात्र दोन्ही परिस्थितींत हवा, कारण त्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारात क्षयरोगाचा धोका वाढतो.

तारखेचे महत्त्व

पत्रातील सर्वांत महाग चूक तारखेची असते. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा लाभ साधारणपणे ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारांत, सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण झाल्यास, तो पुढे ८० टक्के दराने चालू राहू शकतो. परंतु कामास असमर्थ असल्याचे प्रमाणपत्र ज्या दिवसांचे आहे, त्याच दिवसांचा लाभ मिळतो. आपल्या कामगाराला १७ मार्चपासून योग्य ठरविले आणि कारखान्याने त्याला २७ मार्चपर्यंत दारातच थांबविले, तर त्या दहा दिवसांचा विम्याचा लाभही नाही आणि हाती पगारही नाही, अशी स्थिती येते. त्यामुळे विमा दवाखान्याचे अंतिम प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचे पत्र यांत तारीख एकच असावी आणि पत्र रुजू होण्याच्या आदल्या दिवशीच कार्यालयात पोहोचवून पोच घ्यावी.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी पद्धत वेगळी आहे. १९७२ च्या रजा नियमांनुसार वैद्यकीय रजेवर गेलेल्यास ठरावीक नमुन्यातील योग्यता प्रमाणपत्राशिवाय रुजू होता येत नाही.

कारखान्याच्या डॉक्टरांना शंका आल्यास

दुसरी अडचण क्ष-किरण छायाचित्राची. बरे झाल्यावरही फुप्फुसात व्रण उरतो आणि तो पुढील प्रत्येक छायाचित्रात दिसतो. नवे छायाचित्र पाहून कारखान्याचे डॉक्टर ‘रोग अद्याप आहे’ असे म्हणू शकतात. यावर उपाय म्हणजे जुने आणि नवे छायाचित्र शेजारी ठेवून पाहणे : व्रण तसाच असेल किंवा आक्रसला असेल, तर काळजीचे कारण सहसा नसते, डाग पसरला असेल तर थुंकी पुन्हा तपासावी लागते. सीबीनॅटसारखी रेण्वीय चाचणी मात्र उपचारांची प्रगती मोजण्यासाठी वापरू नये. ती मेलेल्या जंतूंचा अंशही दाखविते आणि निरोगी झालेल्या माणसावर रोगाचा शिक्का बसतो.

दोन महिन्यांनंतरही थुंकीत जंतू दिसत असतील, तर औषधांना जंतू दाद देतात की नाही हे तपासेपर्यंत पत्र देण्याची घाई करू नये. तसेच एथाम्ब्युटॉल हे औषध क्वचित दृष्टीवर आणि रंग ओळखण्याच्या क्षमतेवर परिणाम करते. चालक किंवा कापडाच्या रंगछटा जुळविणारा कामगार असेल, तर पत्रापूर्वी डोळे तपासणे आवश्यक आहे.

आपल्या कामगाराचे उपचार जुलैच्या सुरुवातीला संपतील. अखेरच्या तपासणीतही थुंकीत जंतू नसले, तर ‘बरा झाला’ अशी नोंद होते. अखेरची थुंकी तपासलीच नसेल, तर केवळ ‘उपचार पूर्ण’ अशी. दुसऱ्या पत्रात निर्बंध उठविताना यांपैकी खरे असेल तेच डॉक्टरांनी गृहीत धरावे. दोन्ही पत्रांवर कामगाराची सही अथवा अंगठा, पत्ता आणि शरीरावरील एक ओळखचिन्ह असावे, तसेच प्रत दवाखान्याच्या प्रमाणपत्र नोंदवहीत ठेवावी, असे २००२ ची आचारसंहिता सांगते. पुढे वाद झाल्यास हीच प्रत कामगाराच्या उपयोगी पडते.