मधे मोटार चालू होती

तू प्ले दाबतेस आणि तात्या आधी खोकतात. ते खोकणं कापू नकोस. तेवढ्या वेळात तुला पोचायचंय.

खिडकीबाहेर भीमेकाठचा ऊस आहे. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. हेडफोन कानावर घट्ट बसव आणि डोळे मिट. ऊस गेला. पायाखाली तापलेला मुरूम, रस्त्याच्या कडेला डबराचे ढीग आणि ढिगांमागे ओळीनं बसलेली माणसं. मे १९७३. गाव त्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतं, तात्याही म्हणतात. पण पाऊस बुडाला बहात्तरात आणि पोटं खपाटीला गेली ती त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. या महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर आहेत. तू त्यातल्या एका ओळीच्या टोकाला उभी आहेस.

चौदा वर्षांचा एक पोरगा डबरावर हातोडी घालतोय. हे तात्या. शेजारी त्यांची थोरली बहीण. घाव घालताना अक्का दर वेळी मान वळवते, पदर डोळ्यांवर ओढते. उडालेली कपची डोळ्यात गेली की त्या दिवसाचं काम संपलं. दुपारी सुकडी येते. गुळाचा आणि तेलाचा वास आधी येतो, मग माणसं उठतात. अक्का आपल्यातली निम्मी पदरात बांधते. घरी मिलोची भाकरी आहे, लाल, घशात अडकणारी, त्यामुळे सुकडीला सणाची किंमत. वहीत काहीतरी लिहीत मुकादम ओळीतून चाललाय.

इथे थांब. तुझ्या लॅपटॉपवर आता दोन तुकडे शेजारी आहेत. पहिला पडवीत संध्याकाळी घेतलेला: “मुकादमानं अक्काची हजेरी मांडलीच नाही.” दुसरा काही दिवसांनी, सकाळचा: “त्या पावसाळ्यात अक्का गेली.” दोन्ही जोडलेस आणि अंगावर काटा आला. सिनेमा सापडला असं वाटलं.

पुन्हा ऐक, या वेळी तात्यांना सोडून मागचं ऐक. पहिल्या तुकड्याच्या मागे काहीच नाही. दुसऱ्याच्या मागे विहिरीवरची मोटार घरघरतेय. जोडावर ती घरघर एकदम उगवते, दार उघडल्यासारखी. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं. यावरचा इलाज तुला येतो. कुणी बोलत नसताना सकाळी चाललेल्या मोटारीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज तू मुद्दाम टेपला आहेस. तो पहिल्या तुकड्याखाली हलका अंथरायचा, म्हणजे घरघर आधीपासूनच असल्यासारखी वाटते. चेहरा जिथे उडी मारतो तिथे तात्यांच्या हातांचं एक दृश्य टाकायचं. दहा मिनिटांचं काम. जोड दिसत नाही, ऐकू येत नाही. दोन दिवसांचं बोलणं एका श्वासातलं होतं, आणि मुकादमानं अक्काला मारलं असं तात्यांच्याच तोंडून ठरतं. तात्या तसं कधी बोललेच नाहीत.

लॅपटॉप उचलून तू त्यांच्या पडवीत जातेस. तात्या बघतात. पुन्हा लावायला सांगतात.

“हजेरीचं खरंय,” ते म्हणतात. “अक्का गेली तेही खरंय. पण ती बाळंतपणात गेली गं. त्या दिवशी आम्हाला उशीर झाला म्हणून त्यानं हजेरी नाही मांडली, आणि दुसऱ्या दिवशी गपचूप एक मूठ सुकडी जास्त घातली. ते कुठं गेलं?”

ते तू कापलं होतंस. लांबत होतं म्हणून.

वही काढ. कुठल्या मिनिटाला तात्या काय बोलले ते तू लिहून ठेवलंयस, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही: वाक्य हजेरीच्या लगेच पुढेच आहे. ते परत बसव. अक्काचं जाणं तिथून उचल, पाऊस आल्यानंतर ठेव, मोटारीसकट. जोडावरचं हातांचं दृश्य काढून टाक. हे वेगळ्या दिवशीचं बोलणं आहे हे लोकांच्या कानाला कळू दे. सिनेमा लांबला, आणि मधला तो काटाही गेला. बघणाऱ्यांना आधीचाच आवडेल. आवडू दे.

निघताना तात्या हाक मारतात.

“आणि मुकादमाचं नाव काढ. नातवंडं दौंडला असतात त्याची.”

आता हे खरं कटकटीचं. नाव वाक्याच्या मधोमध आहे, आणि तात्यांनी ते पुढच्या शब्दाला इतकं चिकटवून उच्चारलंय की नुसतं नाव कापलं तर पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर सोबत जातं. शिवाय आवाज घालवला तरी ओठ दिसतात. गावात ओठांवरून नाव ओळखणारी म्हातारी माणसं अजून आहेत. तू नावाच्या दोन्ही बाजूंना खुणा करतेस, खालचा आवाज पडवीतल्या शांततेनं भरतेस, आणि मघाशी काढून टाकलेलं हातांचं ते दृश्य शोधायला लागतेस.